पाच लाखांचा विमा असून खिशातून लाख का जातात? विमा रक्कम मोजण्याची आणि पुरवून वापरण्याची रीत

नाशिकमधल्या एका रुग्णालयाच्या विमा खिडकीवर मी काम करते. निफाड, दिंडोरी, सिन्नरहून पेशंट घेऊन आलेली माणसं दाखल करताना निर्धास्त असतात, कारण पाच लाखांची पॉलिसी हातात असते. डिस्चार्जच्या दिवशी तीच माणसं खिडकीशी येऊन विचारतात, "ताई, पॉलिसीत अजून चार लाख आहेत ना? मग आमच्याकडून लाख रुपये कसले मागताय?"

त्यांचा हिशोब चुकलेला नसतो. त्यांनी बिलातून विमा रक्कम वजा केलेली असते. विमा कंपनी मात्र आधी बिलातलं काय मान्य होतं ते ठरवते आणि मग ते विमा रकमेत बसतं का ते बघते. पैसे दोन ठिकाणी कमी पडतात: बिलातला काही भाग मान्यच होत नाही, आणि जो मान्य होतो तो वर्षभराच्या एकाच साठ्यातून जातो. या दोन्ही गोष्टी दाखल होण्याआधी आणि दाखल असताना कशा तपासायच्या, ते क्रमाने सांगते.

सोबत एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते. सातपूरला नोकरी करणारा मुलगा, त्याची बायको आणि निफाडला राहणारे आईवडील अशा चौघांची मिळून पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी आहे. पॉलिसीचं वर्ष 1 मेला सुरू होतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

## पायरी 1: विमा रक्कम आणि आजची शिल्लक वेगवेगळी लिहा

पॉलिसीच्या पहिल्या पानावर, म्हणजे शेड्यूलवर, जो 'सम इन्शुअर्ड' छापलेला असतो ती विमा रक्कम. पॉलिसीच्या एका वर्षात कंपनी जास्तीत जास्त किती देईल, एवढंच तो आकडा सांगतो. ही मर्यादा वर्षाची असते, दर आजाराला नव्याने मिळत नाही. फ्लोटर असेल तर ती दर माणशीही नसते. चौघांचे पाच लाख म्हणजे चौघांत मिळून पाच लाख.

आपल्या उदाहरणात जुलैमध्ये सुनेचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. कंपनीने 92,000 रुपये दिले. नंतर तपासण्या आणि औषधांची बिलं पाठवली, त्याचे 6,000 मिळाले. हे 6,000 घरातल्या कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते. दाखल होण्याआधीचा आणि घरी आल्यानंतरचा खर्च (बऱ्याच पॉलिसींत आधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस) मिळतो खरा, पण तो याच विमा रकमेतून कापला जातो. म्हणजे ऑगस्टअखेर शिल्लक होती 4,02,000.

तपासा: कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवेला फोन करून 'बॅलन्स सम इन्शुअर्ड किती?' असं विचारा. उत्तर तारखेसह पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. आकड्यात दावा न केलेल्या वर्षांबद्दल मिळालेला बोनस धरला आहे का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

## पायरी 2: पॉलिसीतल्या चार ओळींवर खूण करा

सगळी पॉलिसी वाचायला वेळ नसेल तर निदान या चार गोष्टी शोधा.

1. खोलीभाड्याची मर्यादा. 'रूम रेंट' या शब्दाशी थांबा. कुठे 'विमा रकमेच्या 1 टक्का प्रतिदिन' असं असतं, कुठे ठरावीक रुपये, कुठे 'सिंगल प्रायव्हेट रूम', तर कुठे मर्यादाच नसते. आयसीयूची मर्यादा वेगळी दिलेली असते.
2. को-पे. मान्य रकमेतला ठरावीक टक्का तुम्ही भरायचा. तो कधी ज्येष्ठांपुरता असतो, कधी सगळ्यांना.
3. आजारानुसार मर्यादा. मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळा कमाल आकडा असू शकतो. विमा रक्कम कितीही असली तरी त्या ऑपरेशनला तेवढेच पैसे मिळतात.
4. रिस्टोअर किंवा रिफिल. रक्कम संपली की पुन्हा भरून मिळण्याची सोय. ती त्याच माणसाला, त्याच आजारासाठी मिळते का, हे नीट वाचा. बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही.

आपल्या उदाहरणात साध्या खोलीला 1 टक्का म्हणजे रोज 5,000 आणि आयसीयूला 2 टक्के म्हणजे रोज 10,000 अशी मर्यादा होती. को-पे नव्हता. रिस्टोअर होतं, पण त्याच आजाराला नव्हतं. ही चौथी ओळ पुढे फार महागात पडली असती.

सावधान: टक्क्यातली मर्यादा सहसा मूळ विमा रकमेवर मोजतात. बोनस धरून साडेसहा लाख झाले म्हणून खोलीची मर्यादा 6,500 झाली असं गृहीत धरू नका.

## पायरी 3: खोली ठरवण्याआधी पाच मिनिटं हिशोब करा

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, म्हणून या पायरीवर जरा थांबते.

जानेवारीत वडिलांच्या पोटात अचानक असह्य दुखू लागलं. आतड्याला छिद्र पडलं होतं. रात्रीच ऑपरेशन झालं. पोटात जंतुसंसर्ग पसरला होता, त्यामुळे सर्जननी आतडं लगेच जोडलं नाही. पोटावर तात्पुरता मार्ग काढून पिशवी लावली. तीन दिवस आयसीयू, मग सात दिवस खोली.

आयसीयूतून बाहेर आणताना मुलाला विचारलं, कोणती खोली देऊ? 5,000 ची दोघांत एक होती आणि 8,000 ची स्वतंत्र. त्याने मनात हिशोब केला: रोजचे तीन हजार वरचे, सात दिवसांचे एकवीस हजार, वडिलांसाठी एवढं तर करू. कोणताही मुलगा हेच म्हणेल. पण फरक एकवीस हजारांचा नव्हता.

बऱ्याच रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे इतर दरही बदलतात. स्वतंत्र खोलीतल्या पेशंटसाठी सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या फेऱ्या, नर्सिंग सगळ्याचा दर वरचा लागतो. तुम्ही मर्यादेपेक्षा वरची खोली घेतली की कंपनी खोलीभाडं तर कापतेच, शिवाय या बाकीच्या खर्चालाही तेच प्रमाण लावते. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. इथे प्रमाण होतं 5,000 भागिले 8,000, म्हणजे साडेबासष्ट टक्के.

बिल असं आलं:

| बाब | बिल (रु.) | मान्य (रु.) | घरच्यांनी भरले (रु.) |
|---|---|---|---|
| आयसीयू, 3 दिवस | 30,000 | 30,000 | 0 |
| खोली, 7 दिवस | 56,000 | 35,000 | 21,000 |
| सर्जन, भूल, थिएटर, फेऱ्या, नर्सिंग | 1,60,000 | 1,00,000 | 60,000 |
| औषधं | 1,30,000 | 1,30,000 | 0 |
| तपासण्या, सीटी स्कॅन | 64,000 | 64,000 | 0 |
| न मिळणाऱ्या वस्तू व शुल्कं | 20,000 | 0 | 20,000 |
| एकूण | 4,60,000 | 3,59,000 | 1,01,000 |

मुलाच्या हिशोबाने 4,60,000 मधून शिल्लक 4,02,000 गेले की 58,000 भरावे लागणार होते. प्रत्यक्षात भरले 1,01,000. आणि तरीही पॉलिसीत 43,000 शिल्लक राहिले. पैसे पॉलिसीत पडून होते, पण या बिलातल्या कापलेल्या ओळींना ते लागू होत नव्हते. खिडकीवरचा "अजून पैसे आहेत ना?" हा प्रश्न इथूनच येतो.

आता 5,000 ची खोली घेतली असती तर? खोलीचे 35,000 झाले असते, डॉक्टर-थिएटरचे दर त्या वर्गाचे लागून साधारण 1,00,000. कंपनीने तेवढेच 3,59,000 दिले असते आणि घरच्यांचे गेले असते फक्त न मिळणाऱ्या वस्तूंचे 20,000. म्हणजे त्या स्वतंत्र खोलीची खरी किंमत 21,000 नसून 81,000 होती.

दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. विमा नियामकाने 2020 मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार ही प्रमाणशीर कपात औषधं, शरीरात बसवलेले इम्प्लांट आणि तपासण्या यांवर लावता येत नाही, आयसीयूच्या शुल्कालाही लावता येत नाही. दुसरं, ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे ती मुळीच लागू होत नाही. ही कपात कोणत्या खर्चांना लागते ते पॉलिसीतल्या 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस' या शब्दांच्या व्याख्येत दिलेलं असतं, ती काढून ठेवा.

दाखल होताना बिलिंगला हे तीन प्रश्न विचारा:
- माझ्या पॉलिसीत रोज इतकं खोलीभाडं बसतं. त्यात बसणारी खोली कोणती?
- नर्सिंग आणि ड्यूटी डॉक्टरचे पैसे खोलीभाड्यात धरलेत की वेगळे लागतात? (काही पॉलिसी हे सगळं मिळून मर्यादेत मोजतात.)
- खोलीच्या वर्गाप्रमाणे ऑपरेशनचा दर बदलतो का?

सावधान: मर्यादेतली खोली रिकामी नाही म्हणून वरची दिली, असं होतं. तसं असेल तर रुग्णालयाकडून ते कागदावर लिहून घ्या आणि खोली रिकामी होताच हलवायला सांगा. त्या कागदाने कपात टळेलच असं नाही, पण नुसतं तोंडी सांगितलेलं नंतर कुणीच मानत नाही.

## पायरी 4: दाखल असताना रोजचं बिल बघा

कॅशलेसची पहिली मंजुरी येते तेव्हा घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मोबाइलवर समजा एक लाखाचा मेसेज आलेला असतो. काहींना वाटतं एवढेच मिळणार, काहींना वाटतं आता सगळं मंजूर. दोन्ही चूक. ती सुरुवातीच्या अंदाजावरची मंजुरी असते. बिल वाढत जातं तशी रुग्णालय वाढीव रकमेची विनंती पाठवतं. शेवटचा आकडा अंतिम बिल तपासल्यावरच ठरतो.

म्हणून दर दोन दिवसांनी, आयसीयूत असेल तर रोज, आतापर्यंतचं बिल मागा. ते मागण्यात संकोच नको, तो कागद रोज तयार असतो. त्यात तीन गोष्टी बघा: एकूण किती झालं, त्यातलं न मिळणारं किती, आणि शिल्लक विमा रकमेच्या किती जवळ आलो.

न मिळणाऱ्या वस्तूंची यादी पॉलिसीच्या शेवटी जोडलेली असते. नातेवाइकांचं जेवण, टॉयलेटरी, नोंदणी शुल्क अशा बारीकसारीक गोष्टी त्यात असतात. काही वस्तूंचे पैसे खोलीभाड्यातच किंवा ऑपरेशनच्या दरातच धरलेले असायला हवेत, असंही त्या यादीत लिहिलेलं असतं. रुग्णालयाने त्यांचं वेगळं बिल लावलं तर कंपनी कापते आणि तुमच्या माथी येतं. अशी ओळ दिसली तर बिलिंगला तिथल्या तिथे विचारा. डिस्चार्जआधी दुरुस्ती होऊ शकते, नंतर फार अवघड.

तपासा: बिल शिल्लक रकमेच्या तीन चतुर्थांशापर्यंत पोचलं की दुसऱ्या पॉलिसीचे कागद बाहेर काढा. सातपूर-अंबडच्या बऱ्याच कंपन्यांत नोकरदारांचा ग्रुप विमा असतो आणि त्यात आईवडीलही असू शकतात. दोन पॉलिसी असतील तर आधी कोणती वापरायची ते तुम्ही ठरवू शकता आणि उरलेली मान्य रक्कम दुसरीतून मागू शकता. त्यासाठी पहिल्या कंपनीचं सेटलमेंट पत्र आणि बिलांच्या साक्षांकित प्रती लागतात. त्या मागण्याची वेळ डिस्चार्जचीच.

## पायरी 5: डिस्चार्जला सेटलमेंट पत्र ओळीने वाचा

रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यापासून तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा, असं नियामकाचं 2024 चं बंधन आहे. तोवर घाईत असलेले घरचे फक्त 'भरायचे किती' एवढंच विचारतात आणि भरून निघतात. मी प्रत्येकाला सांगते, पाच मिनिटं थांबा, पत्राची प्रत घ्या.

पत्रात प्रत्येक कपातीसमोर कारण असतं. तीन चुका शोधा. प्रमाणशीर कपात औषधांवर किंवा तपासण्यांवर लावली आहे का? आयसीयूच्या दिवसांना साध्या खोलीची मर्यादा लावली आहे का? 'कागद अपुरे' म्हणून कापलेली ओळ आहे का? शेवटची कपात बहुतेक वेळा कायमची नसते. राहिलेला रिपोर्ट किंवा डॉक्टरांचं पत्र नंतर पाठवून ती रक्कम मागता येते.

चूक सापडली तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, पॉलिसीतली नेमकी ओळ उद्धृत करा. तिथे समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

## पायरी 6: पुढचं दाखल होणं आजच मोजा

वडील घरी आले. जखमेची मलमपट्टी, पिशव्या, औषधं यांची मान्य झालेली 18,000 ची रक्कम मिळाली. शिल्लक 43,000 वरून 25,000 वर आली. इथपर्यंत घरच्यांना वाटत होतं की वाईट वेळ सरली.

पण पोटावरची पिशवी कायमची नव्हती. आतडं पुन्हा जोडायचं दुसरं ऑपरेशन राहिलं होतं. सर्जननी ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डिस्चार्ज कार्डावर लिहिलंही होतं. खर्चाचा अंदाज होता मान्य होण्यासारखा दीड लाख. तारीख साधारण एप्रिलच्या मध्याला. शिल्लक पंचवीस हजार, आणि रिस्टोअर त्याच माणसाच्या त्याच आजाराला नाही. विमा रक्कम लोकांच्या अंदाजाआधी संपते ती बहुतेक अशी. पहिल्या मोठ्या बिलात ती पूर्ण संपत नाही. त्या बिलाच्या मागून येणाऱ्या, आधीपासून माहीत असलेल्या खर्चाला ती उरलेली नसते. हाडात घातलेली पट्टी काढणं, केमोचे पुढचे डोस, दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळीकडे हेच.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना विचारा: यानंतर पुन्हा दाखल व्हावं लागेल का, साधारण कधी, आणि ती तारीख किती मागेपुढे झालेली चालेल?

या कुटुंबाची पॉलिसी 1 मेला नवी होणार होती. मुलाने सर्जनना तारखेबद्दल विचारलं. प्रकृती स्थिर होती, तीन आठवड्यांनी काही बिघडणार नाही असं त्यांनी तपासून सांगितलं, आणि ऑपरेशन मेच्या दुसऱ्या आठवड्यात ठेवलं. नूतनीकरण वेळेत झालं होतं, त्यामुळे नव्या वर्षाचे पूर्ण पाच लाख हाताशी आले. यावेळी खोली 5,000 ची घेतली.

सावधान: तारीख पुढे ढकलायची की नाही हे फक्त डॉक्टरांनी ठरवायचं. तातडीच्या उपचारात हा विचारही मनात आणू नका. आणि दाखल असतानाच पॉलिसीचं वर्ष बदललं तर दोन्ही वर्षांची उपलब्ध रक्कम विचारात घेतात, हे लक्षात ठेवून दोन्ही पॉलिसींचे कागद द्या.

## पायरी 7: नूतनीकरणाच्या महिनाभर आधी पोकळी भरा

विमा रक्कम वाढवण्याची वेळ नूतनीकरणाची. पण पाचाचे दहा लाख केले की वाढीव पाच लाखांना जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो. आजार झाल्यावर वाढवलेली रक्कम त्या आजाराला लगेच कामी येत नाही.

दुसरा मार्ग सुपर टॉप-अपचा. इथे टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या जवळपास सारख्या नावांत लोक हमखास फसतात, तेव्हा आपलंच उदाहरण लावून बघू. दोन्हींत डिडक्टिबल पाच लाख, म्हणजे पाच लाखांच्या वरचं ती पॉलिसी देणार. साधा टॉप-अप प्रत्येक दाव्याला वेगळं बघतो. सुनेचे 98,000 पाचच्या आत, वडिलांचे 3,59,000 आणि नंतरचे 18,000 मिळून 3,77,000 पाचच्या आत, एप्रिलमध्ये केलं असतं तर दुसऱ्या ऑपरेशनचे दीड लाखही पाचच्या आत. एक रुपया मिळाला नसता. सुपर टॉप-अप वर्षभराची बेरीज बघतो. आधीचे मिळून 4,75,000 झालेले. दीड लाखांतले 25,000 मूळ पॉलिसीतून गेले की पाच लाख पूर्ण, आणि उरलेले 1,25,000 सुपर टॉप-अपने दिले असते.

घेताना डिडक्टिबल मूळ विमा रकमेएवढाच ठेवा. मूळ पॉलिसी तीन लाखांची आणि डिडक्टिबल पाच लाखांचा असेल तर मधले दोन लाख तुमच्या खिशातून. त्यातही खोलीभाड्याची मर्यादा आणि प्रतीक्षा काळ आहेत का ते बघा. आणि खोलीमुळे कापलेले 81,000 किंवा न मिळणाऱ्या वस्तूंचे 20,000 सुपर टॉप-अपमधून मिळतील अशी आशा धरू नका. मूळ पॉलिसीत जे मान्य नाही, ते सहसा तिथेही मान्य होत नाही. खोलीची कपात टाळायची असेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली मूळ पॉलिसी हवी, आणि वस्तूंसाठी कंझ्युमेबल्सचं वेगळं कव्हर मिळतं का ते विचारायला हवं.

नूतनीकरणाआधी एका कागदावर लिहा: यावर्षी कंपनीने एकूण किती दिले, आपण खिशातून किती भरले, आणि खिशातले पैसे कोणत्या कारणाने गेले, खोली, वस्तू की रक्कम संपल्यामुळे. त्या मुलाने एप्रिलमध्ये हा कागद खिडकीवर आणून दाखवला. जानेवारीच्या ओळीत रक्कम संपल्यामुळे गेलेले पैसे होते शून्य. तो पाचाचे दहा लाख करायला निघाला होता. कागद बघून त्याने आधी खोलीभाड्याची ओळ बदलून मागितली.